कुत्रा मागे लागला तर गाडी पळवू नका



मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतल्या एक ताई पहाटे साडेपाचला पतीच्या मागे मोटारसायकलवर बसून सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाल्या होत्या. वळणावर कचऱ्याच्या ढिगाजवळ तीन-चार कुत्री बसलेली होती. त्यातले एक भुंकत गाडीमागे धावले. पतीने गाडी जोरात पुढे काढली. ताई एका बाजूला पाय टाकून बसल्या होत्या. त्यांनी घाबरून दोन्ही पाय वर ओढले, तोल गेला आणि त्या रस्त्यावर पडल्या. कोपर फुटले, डोक्याला मुका मार लागला. टाचेवर दोन बारीक ओरखडे होते, तिकडे कोणीच पाहिले नाही.

संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा कोपराला पट्टी होती आणि टाचेवर हळद लावलेली होती. "हे रस्त्याला घासून झालं," ताई म्हणाल्या. पण रस्त्याला घासले की कातडे पसरट सोलते. इथे शेजारी शेजारी दोन अरुंद रेघा होत्या आणि एका टोकाला रक्त सुकलेले होते. कुत्र्याचा दात लागला होता.

या एका घटनेत मोकाट जनावरांचे दोन्ही धोके आहेत. पहिला पडण्याचा, तो त्याच क्षणी दिसतो. दुसरा बारीक जखमेचा, तो आज दिसत नाही आणि उशीर झाला तर त्याला औषध उरत नाही. या वेळी आम्ही या दोनच गोष्टींवर लिहीत आहोत.

चाव्यापेक्षा पडणे आधी मारते

ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबादचे प्रसिद्ध चहा उद्योजक पराग देसाई घराजवळ फिरत असताना कुत्री मागे लागल्यामुळे पडले. डोक्याला मार लागून आठवडाभरात त्यांचे निधन झाले. अंगावर चाव्याच्या खुणा नव्हत्या, असे रुग्णालयाने सांगितले होते. कुत्रा चावलाच नाही, तरी माणूस गेला.

कुत्रा धावत्या गाडीमागे का लागतो? आपल्या हद्दीतून वेगाने पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे. गाडीचा वेग वाढला की त्याचा जोर वाढतो, गाडी थांबली की बहुतेक वेळा त्याचा खेळ संपतो. म्हणून कुत्रा अंगावर आला की चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, हँडल दोन्ही हातांनी सरळ धरावे आणि रस्त्यावरच नजर ठेवावी. कुत्र्याकडे पाहत राहिले की हँडल त्याच बाजूला वळते. लाथ मारू नये. लाथ मारताना एक पाय आणि निम्मा तोल गाडीवरून जातो, शिवाय पाय नेमका कुत्र्याच्या तोंडाजवळ जातो. कुत्री पुढून आडवी आली तर मागचा-पुढचा ब्रेक एकत्र हलकेच दाबून थांबावे, दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत आणि कुत्री दूर झाली की सावकाश निघावे.

मागे बसणाऱ्यालाही काम आहे. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. पदर आणि ओढणी आवरून घ्या. कुत्रा आला तरी पाय फुटरेस्टवरच ठेवा आणि चालवणाऱ्याची कंबर घट्ट धरा. पाय उचलल्याने चावा चुकेलच असे नाही, पण तोल मात्र नक्की जातो. आणि हेल्मेट दोघांनाही हवे. पहाटे रस्ता मोकळा आहे म्हणून मागचा माणूस हेल्मेट घरी ठेवतो, पण कुत्री जास्त करून पहाटे आणि रात्रीच मागे लागतात.

पायी चालताना नियम एकच: पळायचे नाही. कुत्रा भुंकत आला तर जागेवर थांबा, हात अंगाजवळ ठेवा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि थोडे तिरके उभे राहा. हातात पिशवी, दप्तर किंवा छत्री असेल तर ती आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा. तो शांत झाला की पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. लहान मुलांना आम्ही "झाडासारखे उभे राहा" असे शिकवतो. खाली पडलेच तर गुडघे पोटाशी घ्या, मूठ बंद ठेवा आणि दोन्ही हातांनी मान व कान झाका. पिल्ले असलेल्या कुत्रीजवळून, खात असलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळून जाताना रस्त्याची बाजू बदललेली बरी.

अंधारात बसलेली गाय

नाशिकमध्ये पंचवटीच्या बाजूला, गंगाघाटावर आणि भाजीबाजाराच्या आसपास मोकाट गाई रोज दिसतात. दिवसा त्या चुकवता येतात. खरा धोका रात्री मोठ्या रस्त्यावर असतो. पावसाळ्यात सगळीकडे चिखल असतो, डांबरी रस्ता मात्र त्यातल्या त्यात कोरडा आणि उबदार असतो. म्हणून जनावरे तिथेच येऊन बसतात. काळ्या-तांबड्या कातडीवर दिव्याचा उजेड फारसा परतत नाही. डोळे चमकतात, पण जनावराचे तोंड आपल्याकडे असेल तरच.

इथे थोडा हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. गाय दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ११ ते १७ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण १० मीटर लागतात. एकूण झाले २१ ते २७ मीटर. ताशी ६० च्या वेगाला हेच अंतर ४० मीटरच्या पुढे जाते आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. मोटारसायकलच्या खाली पाडलेल्या दिव्यात अंधारी गाय साधारण २५-३० मीटरवर दिसते. म्हणजे ४० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर आपण कसेबसे थांबतो, ६० च्या वेगाला गाय दिसली तरी थांबू शकत नाही. दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री ४० च्या आत चालवा, असे आम्ही म्हणतो ते या हिशेबावरून. पाऊस असेल तर आणखी कमी.

जनावराला ओलांडताना त्याच्या मागून जावे, पण लाथेच्या टप्प्याबाहेरून. दचकलेले जनावर पुढे उडी घेते, मागे सरकत नाही. बसलेली गाय आधी मागचे पाय उचलते, मग पुढचे. तिचा मागचा भाग वर येताना दिसला की ती पुढे येणार हे समजून थांबा. हॉर्न लांबून एकदाच वाजवावा, जवळ जाऊन वाजवला तर ती बिथरते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. दोन वळू झुंजत असतील तर "बाजूने निघून जाऊ" हा विचार सोडून द्या आणि गाडी मागे वळवा. हरणारा वळू कोणत्या बाजूला पळेल याचा अंदाज बांधता येत नाही.

माकडाला दात दाखवू नका

शहरात माकडे कधीमधी गच्चीवर येतात, पण आपल्या लोकांची त्यांच्याशी गाठ पडते ती सहलीत, त्र्यंबकेश्वर-ब्रह्मगिरीच्या वाटेवर किंवा सप्तशृंगी गडावर. तिथली माकडे माणसाला घाबरत नाहीत, कारण माणसाकडून खाऊ मिळतो हे त्यांना ठाऊक झाले आहे. प्लॅस्टिकची पिशवी वाजली की ती धावत येतात.

म्हणून खाण्याचे पदार्थ बंद पिशवीत, पाठीवरच्या दप्तराच्या तळाशी ठेवा आणि पायऱ्यांवर बसून खाऊ नका. माकड जवळ आले तर रिकामे तळहात उघडून दाखवा. त्याच्याकडे पाहून हसू नका. आपले हसणे म्हणजे त्याच्या भाषेत दात दाखवणे, आणि ती त्याला धमकी वाटते. त्याने पिशवी धरलीच तर सोडून द्या. बहुतेक चावे पिशवीच्या ओढाताणीत होतात, आणि पायऱ्यांवर या ओढाताणीत माणूस पडतोही. पिल्लाला पोटाशी धरलेल्या माकडिणीचा फोटो जवळ जाऊन काढू नका. माकड वस्तीत शिरून त्रास देत असेल तर दगड मारण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

जखम झाली तर पहिली पंधरा मिनिटे

आता ताईंच्या टाचेकडे परत येऊ. रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेत असतो. तो रक्तातून नव्हे, तर नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. बहुतेकांमध्ये लक्षणे दिसायला एक ते तीन महिने लागतात. चेहरा, मान आणि बोटे यांवरच्या चाव्यात हा काळ कमी असू शकतो. लक्षणे सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणे येण्याआधीचा हा काळ आपल्या हातात असतो, आणि त्यातली सर्वात मोलाची वेळ म्हणजे पहिली पंधरा मिनिटे.

जखम वाहत्या नळाखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. मोबाईलवर वेळ लावा, कारण दोन मिनिटांनीच "झाले" असे वाटू लागते. साबण कोणताही चालतो, कपड्यांचासुद्धा. या विषाणूवर चरबीचे आवरण असते आणि साबणाने ते फुटते. नळ नसेल तर तांब्याने सतत पाणी ओतत राहा. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि जखम उघडी ठेवा. हळद, चुना, तिखट, तेल, राख, तंबाखू यांतले काही लावू नका. त्यामुळे विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते आणि नसा उघड्या पडतात. मंतरलेले पाणी आणि गावठी औषध यांत दिवस जातात, आणि दिवस गेले की माणूस जातो. चाव्याच्या जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते.

ताईंनी पाय धुतलाच नव्हता. बारा तास झाले होते, तरी आम्ही हळद काढून तो तेव्हा धुतला. उशीर झाला म्हणून धुणे सोडायचे नसते.

लस कोणाला, इम्युनोग्लोब्युलिन कोणाला

जनावराने अखंड कातडीला चाटले, तर धुणे पुरे. कातडीवर ओरखडा उठला पण रक्त आले नाही, तर लस घ्यायची. दात लागून रक्त आले, किंवा लाळ जखमेला, डोळ्याला अथवा तोंडाला लागली, तर लस आणि रेबीज इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही घ्यायचे. ताई या तिसऱ्या प्रकारात होत्या. रक्त थेंबभरच होते, पण थेंबभर रक्तालाही हाच नियम आहे.

हे दुसरे औषध का, ते समजून घ्या, कारण घोटाळा इथेच होतो. लस शरीराला संरक्षण तयार करायला शिकवते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार संरक्षण. ते मुख्यतः जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात, म्हणजे मधल्या दिवसांत विषाणू तिथेच अडवला जातो. टोचताना दुखते. त्याची कमाल मात्रा वजनावर ठरते: मानवी रक्तापासून बनवलेले असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असेल तर ४० युनिट. ताईंचे वजन ५० किलो होते, म्हणजे त्यांची कमाल मात्रा १००० किंवा २००० युनिट. टाचेच्या बारीक जखमेत मावेल तेवढेच औषध लागते, त्यामुळे प्रत्यक्षात ते बरेच कमी लागू शकते.

ताई पहिल्यांदा जिथे गेल्या तिथे त्यांना लस मिळाली, पण "दुसरे इंजेक्शन शिल्लक नाही" असे सांगून घरी पाठवले. त्या निघून आल्या. अशा वेळी घरी यायचे नाही. लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत इम्युनोग्लोब्युलिन देता येते, त्यानंतर देत नाहीत. म्हणून केसपेपरवर "इम्युनोग्लोब्युलिन दिले नाही" असे लिहून घ्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जा. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय आणि महापालिकेची झाकिर हुसेन व बिटको रुग्णालये आहेत. जाताना पहिला केसपेपर बरोबर न्या. ताईंना दुसऱ्या दिवशी ते मिळाले.

पोटात चौदा इंजेक्शने ही जुनी गोष्ट झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत चार दिवशी लस देतात: पहिला दिवस म्हणजे शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. ताईंचा पहिला डोस ५ जुलैला झाला, म्हणून पुढचे ८ जुलै, १२ जुलै आणि २ ऑगस्टला. खासगी दवाखान्यात दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवशी आणखी एक डोस असतो. कुल्ल्यावर ही लस घेऊ नये. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस बहुतेक लोक विसरतात, कारण तोवर जखम बरी झालेली असते. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही ही लस चालते. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून जुना कागद जपून ठेवा. धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे असते, त्याने रेबीज टळत नाही.

"कुत्रा ओळखीचा आहे"

आम्हाला सर्वात जास्त ऐकू येणारे वाक्य हे आहे. २०२५ साली उत्तर प्रदेशातील बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू गटारात अडकलेले पिल्लू वाचवताना चावला गेला. जखम किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही आणि काही महिन्यांनी तो रेबीजने गेला. पिल्लू लहान होते, पण लाळेला वय नसते.

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवण्याचा नियम खरा आहे. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. पण या काळात लस थांबवायची नसते, ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू आहे. माकड चावले तर दहा दिवस पाहण्याचा प्रश्नच नाही, लस घ्यायचीच. कुत्र्याची लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, आवाज बदलला असेल, चाल डगमगत असेल किंवा समोर येईल त्याला तो चावत असेल, तर मुलांना घरात घ्या आणि महापालिकेला लगेच कळवा. त्याला स्वतः पकडायला किंवा मारायला जाऊ नका, त्यातच आणखी माणसे चावली जातात.

कानाला छोटी खाच असलेला कुत्रा म्हणजे पकडून, नसबंदी व लस करून परत सोडलेला कुत्रा. २०२३ च्या नियमांनुसार त्याला त्याच भागात परत सोडतात. खाच दिसली म्हणून चाव्याची लस टाळू नका, कारण कुत्र्याला दिलेल्या लसीचा जोर कायम राहत नाही. पण तुमच्या गल्लीतल्या एकाही कुत्र्याच्या कानाला खाच नसेल, तर तिथे काम झालेले नाही हे उघड आहे. तक्रार करताना "कुत्र्यांचा त्रास आहे" एवढेच न लिहिता गल्लीचे नाव, कुत्र्यांची संख्या, खाच किती जणांना आहे आणि कचरा कुठे साचतो हे लिहा. कचरा उचलला गेला नाही तर कुत्री आणि गाई दोन्ही तिथेच राहतात.

पहाटे झाडू घेऊन सर्वात आधी रस्त्यावर उतरतात ते आपलेच सफाई कामगार. ज्यांची रोज कुत्र्यांशी गाठ पडते त्यांनी चाव्याची वाट न पाहता आधीच लस घेणे हिताचे. ती शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठावीस अशा तीन दिवशी देतात. ही मागणी कामगार संघटनेने लेखी करावी.

ताईंचा शेवटचा डोस २ ऑगस्टला झाला. आता त्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, हेल्मेट घालून बसतात. त्या वळणाजवळ आले की पती गाडी हळू करतो. कुत्री भुंकतात आणि बसून राहतात.